क्लासची फी वाढवतोय, पालकांच्या ग्रुपवर काय लिहू?

प्रश्न: आमच्या कॉलनीत माझा छोटा क्लास आहे. जूनपासून फी वाढवायची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पोस्टरखाली कॅप्शन कसं लिहू म्हणजे पालक दुखावणार नाहीत? कुणी नमुना देईल का?

उत्तर:

नमुना खाली देते, पण आधी माझी चूक सांगते, कारण नमुन्यातली प्रत्येक ओळ त्या चुकीतून आली आहे.

डोंबिवलीत एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात मी आठवी ते दहावीचा क्लास घेते. २०२२ च्या जूनमध्ये, शाळा सुरू होण्याच्या चार-पाच दिवस आधी, मी ग्रुपवर लिहिलं होतं : "सर्व पालकांना कळविण्यात येते की वाढत्या महागाईमुळे या महिन्यापासून फीमध्ये फक्त २०० रुपये वाढ करण्यात येत आहे. कृपया सहकार्य करावे." रात्री साडेदहापर्यंत ग्रुप पेटला होता. पाच मुलं त्या महिन्यात गेली. त्यातल्या एका मुलीची आई नंतर भाजी घेताना भेटली. ती म्हणाली, "मॅडम, दोनशेचं काही नव्हतं हो. वह्या-पुस्तकं, गणवेश, रिक्षाचा अ‍ॅडव्हान्स, सगळं त्याच आठवड्यात दिलेलं. आणि तुम्ही 'फक्त' लिहिलंत."

तो "फक्त" शब्द मी त्यानंतर कधीच वापरला नाही. रक्कम कुणाला किती जड आहे हे ज्याच्या खिशातून जाते त्यानेच ठरवायचं असतं. "कळविण्यात येते" हेही सोडलं. रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसांशी नोटीस बोर्डासारखं बोललं की त्यांना तुम्ही परके वाटता.

आता वेळेबद्दल. शाळांचे निकाल साधारण एप्रिलअखेर किंवा १ मेला लागतात आणि पालक पुढच्या वर्षीच्या खर्चाचा हिशेब तेव्हापासून मांडायला लागतात. म्हणून मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सांगते. दोन महिने हातात असले की ज्याला परवडत नाही त्याला दुसरा क्लास शांतपणे शोधता येतो. हे लिहायला मला जड जातं, पण तो हक्क त्यांचा आहे, आणि तो दिला की जाणारी माणसंही चांगल्या मनाने जातात.

कॅप्शनमध्ये कारण लिहायचंच, पण "महागाई" हे कारण होत नाही. महागाई त्यांच्या घरीही आहे. आधी कागदावर हिशेब करा. गेल्या वेळचा माझा हिशेब असा होता : गाळ्याचं भाडं १४,००० वरून १६,५००, विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचं मानधन ८,००० वरून १०,०००, वीज आणि सराव प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्सचे मिळून ७०० जास्त. म्हणजे महिन्याला ५,२०० रुपयांचा खड्डा. मुलं ४२. त्यात सहाजणांची मोठी भावंडं माझ्याकडेच होती, त्या धाकट्यांना जुनीच फी ठेवायची होती. दोन घरांची परिस्थिती मला माहीत होती, त्यांचीही वाढवायची नव्हती. उरली ३४. प्रत्येकी १५० वाढवले की ५,१०० येतात. शंभर कमी पडत होते, ते मी सोसले. पण हा हिशेब झाल्यामुळे मला १५० हा आकडा छातीठोकपणे सांगता आला. कुणी "दोनशे का नाही, शंभर का नाही" विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर होतं.

एक सावधगिरी. काहीजण कारण म्हणून जीएसटीचं नाव घेतात. कोचिंगवर १८ टक्के जीएसटी आहे हे खरं, पण सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नसते. माझी जुनी फी ९०० होती, म्हणजे वर्षाचे साडेचार लाखांच्या आसपास. नोंदणी नसताना जीएसटीचं कारण लिहिलं तर तुमच्या पालकांमधला एखादा अकाउंटंट ते लगेच पकडेल, आणि मग तुमच्या भाड्याच्या आकड्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

मी पाठवलेलं कॅप्शन हे :

"नमस्कार. जूनपासून आपल्या क्लासची महिन्याची फी ९०० ऐवजी १,०५० रुपये असेल. एप्रिल आणि मेची फी जुनीच. गाळ्याचं भाडं आणि विज्ञानाच्या बाईंचं मानधन वाढलं आहे, बाईंना मला सोडायचं नाही. दोन भावंडं येत असतील तर धाकट्याची फी ९०० च राहील. कुणाला अडचण असेल किंवा दोन हप्त्यांत द्यायची असेल तर मला संध्याकाळी सातनंतर फोन करा किंवा भेटा, आपण मार्ग काढू. फीबद्दल मुलांना वर्गात कधीही विचारलं जाणार नाही."

पहिल्या दोन ओळींतच जुना आकडा, नवा आकडा आणि महिना आला पाहिजे. लांब कॅप्शन व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धवट दिसतं, उरलेलं वाचायला दाबावं लागतं. आभारप्रदर्शन वर आणि आकडा खाली दडलेला असेल तर पालकांना तो लपवल्यासारखा वाटतो.

शेवटच्या ओळीबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचं आहे. फोन आले ते त्या ओळीमुळे. एका वडिलांनी सांगितलं की आधीच्या क्लासमध्ये त्यांच्या मुलाला फी राहिली म्हणून सगळ्यांसमोर उभं केलं होतं आणि तो दुसऱ्या दिवशी जायला तयार नव्हता. फी वाढली की पालकांच्या मनात ही भीती आपोआप येते, बोलून कुणी दाखवत नाही. ती ओळ लिहिलीत तर मात्र पाळा. चिठ्ठीसुद्धा मुलाच्या हाती देऊ नका, फोन पालकांनाच करा.

पोस्टरवर काय असावं? माझ्या मते पोस्टर नकोच. गुढीपाडव्याच्या शुभेच्छांना जोडून फीवाढ सांगितली तर शुभेच्छाही खोट्या वाटतात. पहिल्या आलेल्या मुलांच्या फोटोखाली सांगितली तर साठ टक्केवाल्या मुलाच्या आईला वाटतं की दुसऱ्यांच्या यशाचे पैसे आपण भरतोय. फोटो लावायचाच असेल तर नव्या फीचा साधा तक्ता लावा. आणि स्टेटसवर हे टाकू नका. तिथे शेजारी, नातेवाईक, क्लासशी संबंध नसलेले सगळे बघतात, आणि पालकाला ही बातमी दुसऱ्याकडून कळते.

ग्रुपवर टाकण्याआधी दोन दिवस मी त्या दोन घरांना आणि सर्वांत जुन्या तीन-चार पालकांना स्वतः भेटून सांगितलं. संदेश गेल्यावर पहिलं उत्तर त्यांच्यातल्याच एका आजोबांचं आलं : "ठीक आहे मॅडम, कळवल्याबद्दल आभार." त्यानंतर कुणी वाद घातला नाही. ग्रुप "फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतील" असा करून ठेवू नका, तसं केलं की पालक वेगळा ग्रुप काढतात आणि तिथलं तुम्हाला काहीच कळत नाही. कुणी ग्रुपवर नाराजी लिहिली तर तिथे एकच ओळ लिहा, "मी आत्ता फोन करते", आणि खरंच त्याच वेळी करा.

त्या वर्षी एक मुलगा गेला, तोही वडिलांची बदली झाली म्हणून.