लॅबमध्ये फोन जोडण्याच्या परवानगीसाठी अर्ज

प्रश्न: प्रोजेक्टचे फोटो आणि फाइल्स माझ्या फोनमध्ये आहेत. लॅबमध्ये पेनड्राइव्ह चालत नाही. फोन जोडायला परवानगी हवी, तर लॅब इनचार्ज सरांना अर्ज कसा लिहू?

उत्तर:

मी सांगलीतल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो, म्हणजे हे अर्ज ज्याच्या टेबलावर येतात तो मीच. बहुतेक अर्जांत एकच वाक्य असतं: ‘प्रोजेक्टसाठी फोन जोडण्याची परवानगी मिळावी.’ कुठल्या मशिनला, किती वेळ, काय उतरवायचं, यातलं काहीच नसतं. मग मी तो परत देतो आणि मुलं म्हणतात, सर अडवतात.

आधी आमची भीती कसली ते समजून घ्या, म्हणजे अर्जात काय लिहायचं ते कळेल. व्हायरस ही भीती आहेच, पण फोनच्या बाबतीत त्याहून मोठी भीती ‘USB tethering’ची. फोन केबलने जोडून ते बटण चालू केलं की लॅबचं मशिन कॉलेजचं नेट सोडून तुमच्या सिमवरून बाहेर जाऊ शकतं. फायरवॉल, बंद केलेल्या साइट्स, कोण काय उघडतंय याची नोंद, सगळं बाजूला राहतं. आणि ते मशिन कॉलेजच्या नेटवर्कलाही जोडलेलंच असतं.

आता एक गंमत. पेनड्राइव्ह बंद असलेल्या बऱ्याच लॅबमध्ये फोन मात्र जोडला की दिसतो. पेनड्राइव्ह ज्या ड्रायव्हरने चालतो तेवढाच बंद केलेला असतो. फोन ‘File transfer’मध्ये वेगळ्या वाटेने, MTP ने येतो, त्याला ड्राइव्हचं अक्षरही मिळत नाही. त्यामुळे मुलांना वाटतं, दिसतोय म्हणजे चालतं. तसं नाही. ती आमच्या सेटिंगमधली फट आहे, तुम्हाला मिळालेली परवानगी नाही.

गेल्या वर्षी तासगावहून एसटीने येणाऱ्या एका मुलीने दिलेला अर्ज मी पहिल्याच वाचनात मंजूर केला. द्राक्षाच्या पानावरून भुरी की केवडा ते ओळखणारा तिचा प्रोजेक्ट होता. पानांचे 310 फोटो तिने बागेत उभं राहून फोननेच काढलेले, एकेक साधारण 3 एमबी, म्हणजे एकूण 900 एमबीच्या आसपास. मेलने जाणार नाहीत, जीमेलची मर्यादाच 25 एमबी. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे पाठवले तर फोटो दाबून लहान होतात, आणि भुरीची पांढरी पावडर दिसायला हवी तिथे नुसता धुरकट डाग उरतो. हे कारण तिने अर्जात दोन ओळींत लिहिलं होतं. ‘फोनच का’ हा प्रश्न मला विचारावाच लागला नाही. साधारण असा होता तो:

प्रति,
मा. लॅब इनचार्ज,
संगणक विभाग, (कॉलेजचं नाव), सांगली.

मार्फत: मा. प्रोजेक्ट मार्गदर्शक

विषय: प्रोजेक्टचे फोटो उतरवण्यासाठी लॅबमधील संगणकास एकदा मोबाइल फोन जोडण्याच्या परवानगीबाबत.

महोदय,
मी अंतिम वर्षाची विद्यार्थिनी, रोल नं. ___. द्राक्षपानांवरील रोग ओळखण्याच्या माझ्या प्रोजेक्टसाठी काढलेले 310 फोटो माझ्या फोनमध्ये आहेत. एकूण आकार सुमारे 900 एमबी आहे. ते मेलने पाठवता येत नाहीत व व्हॉट्सअॅपवर त्यांचा दर्जा कमी होतो.

तरी मशिन क्र. ___ वर, दि. ___ रोजी दुपारी 3 ते 3.30 या वेळेत, लॅब असिस्टंट यांच्या समक्ष फोन जोडण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. फोन एअरप्लेन मोडवर राहील. फक्त एक झिप फाइल उतरवून ती स्कॅन करून घेईन. लॅबच्या संगणकावरून फोनमध्ये काहीही घेणार नाही.

आपली विश्वासू,
(सही, नाव, वर्ग)

यातलं एअरप्लेन मोडचं वाक्य मला सगळ्यात आवडलं. केबलवरून फाइल उतरायला त्याने काही अडत नाही, पण सिमचं नेट बंद होतं. आणि स्क्रीनवरचं विमानाचं चिन्ह मला लांबूनही दिसतं. ‘मी नेट वापरणार नाही’ असं नुसतं वचन दिलं असतं, तर अर्धा तास मला तिच्या मागे उभं राहावं लागलं असतं. ‘मार्फत’ही विसरू नका. मार्गदर्शकांची सही असली की प्रोजेक्ट खरा आहे का, हे शोधत मला विभागात फिरावं लागत नाही.

तुम्ही अॅप बनवत असाल आणि ते फोनवर चालवून बघायचं असेल, तर ती मागणी वेगळी, अर्जात वेगळी लिहा. त्याला ‘USB debugging’ लागतं. फाइल उतरवण्याला लागत नाही, उगाच चालू करू नका. आणि लागलंच, तर लॅबच्या मशिनवर ‘Always allow from this computer’ला टिक करायची नाही. त्या मशिनवर उद्या दुसरा कोणी बसणार आहे.

परवानगी मिळाल्यावरही मुलं अडतात ती केबलपाशी. काही स्वस्त केबलींत डेटाच्या तारा नसतातच, फोन फक्त चार्ज होतो आणि संगणकावर काहीच येत नाही. घरच्या एखाद्या संगणकावर आधी तपासून तीच केबल आणा. फोनचं नाव दिसतंय पण आत रिकामं आहे, असं झालं तर फोन लॉक असतो किंवा चार्जिंगवरच राहिलेला असतो. तो उघडा, वरून नोटिफिकेशन खाली ओढा आणि ‘File transfer’ निवडा.

फोटो घरीच फोनमध्ये झिप करून या. फोटो आधीच दाबलेले असल्यामुळे झिपने आकार फारसा कमी होणार नाही, पण शेकडो सुट्या फाइल्स MTP ने पाठवल्या की मध्येच अडकतं आणि कुठले आले, कुठले राहिले ते कळत नाही. एकच फाइल असली की आली किंवा नाही आली. उतरल्यावर फोनमधला आणि संगणकावरचा आकार जुळवा, झिप उघडा, फोटो मोजा. मगच केबल काढा.

आणखी एक. फाइल कुठे ठेवायची ते असिस्टंटना विचारा. आमच्यासारख्या काही लॅबमध्ये मशिन रीस्टार्ट केलं की सी ड्राइव्ह जसा होता तसा परत होतो. एका मुलाने दुपारभर बसून सगळं डेस्कटॉपवर नीट लावलं, संध्याकाळी लाइट गेली आणि परत आल्यावर डेस्कटॉप कोरा. अर्ज, परवानगी, केबल सगळं पुन्हा पहिल्यापासून.

अर्जाच्या दोन प्रती काढा. एक आमच्याकडे राहते, दुसरीवर सही-शिक्का घेऊन ती सोबत ठेवा. दुपारी 3 वाजता लॅबमध्ये मीच असेन असं नाही, आणि माझ्या जागी बसलेल्या माणसाला तुमचा अर्ज ठाऊक नसतो. त्याला फक्त केबल दिसते.