पैसे अडकले, पण कोड आधीच गेला होता

प्रश्न : “मी फ्रीलान्सर आहे. अमेरिकेतील एका कंपनीसाठी बुकिंगचे ॲप बनवण्याचा १२,००० डॉलरचा करार मी चार टप्प्यांत घेतला. पहिल्या दोन टप्प्यांचे ६,००० डॉलर मिळाले. तिसऱ्या टप्प्याचे काम देऊन चार महिने झाले, तरी त्याचे ३,६०० डॉलर आलेले नाहीत. ‘तपासणी चालू आहे’ एवढेच उत्तर येते. दरम्यान माझ्याच कोडवर त्यांचे ॲप ग्राहकांसाठी सुरूही झाले. पूर्ण पैसे मिळेपर्यंत कोड माझाच, असे सांगून मी वापर थांबवू शकतो का? सर्व्हरचा ॲक्सेस अजून माझ्याकडे आहे. करार सोबत पाठवला आहे.”

उत्तर : नाही, थांबवू शकत नाही. सर्व्हरच्या ॲक्सेसचा उल्लेख तुम्ही ज्या विचाराने केला असेल, तो विचारही आजच सोडून द्या. तुमचे पैसे थकले आहेत हे खरे असले, तरी काम करण्यासाठी दिलेला ॲक्सेस वापरून दुसऱ्याची चालू यंत्रणा बंद पाडणे हा बहुतेक देशांत स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो, आणि मग आज येणेकरी असलेले तुम्ही उद्या आरोपी व्हाल.

तुमच्या प्रकरणाचा निकाल सातव्या कलमातील एका वाक्याने लावला आहे. त्यात लिहिले आहे की कंत्राटदार सर्व हक्क, काम निर्माण होताक्षणीच, याद्वारे कंपनीकडे हस्तांतरित करत आहे. येथे ‘करील’ असे नाही, ‘करत आहे’ असे आहे, आणि पैशाची अटही कुठे नाही. म्हणजे तुम्ही ओळ लिहिली त्याच क्षणी ती कंपनीची झाली. पैसे देण्याची जबाबदारी वेगळ्या कलमात, वेगळे वचन म्हणून उभी आहे. ते वचन मोडले तर तुम्हाला रक्कम मागता येते, पण हस्तांतरण आपोआप उलटत नाही. करारच रद्द ठरवून हक्क परत मिळवण्याची वाट अगदी टोकाच्या प्रकरणांत उघडते, आणि निम्मे पैसे पोचलेले असताना ती उघडेल असे मला वाटत नाही. असे करार माझ्याकडे सतत येतात आणि बहुतेकांनी तुमच्याप्रमाणेच रकमांचा तक्ता बारकाईने वाचून सातवे कलम ‘नेहमीचेच असते’ म्हणून सोडलेले असते.

हे वाक्य कंपन्या आग्रहाने का घालतात, तेही पाहा. नोकराने नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा कॉपीराइट सहसा मालकाचा असतो, स्वतंत्र कंत्राटदाराच्या बाबतीत मात्र तो मुळात त्याचाच असतो. एका संस्थेने शिल्पकार रीड यांच्याकडून शिल्प करून घेतले होते. त्या वादात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली रीड हे नोकर नसून स्वतंत्र कंत्राटदार असल्याचे ठरवले आणि केवळ काम सांगितले म्हणून हक्क संस्थेकडे गेला, हे म्हणणे मान्य केले नाही. मालकी हस्तांतरित करायची तर तिथे सहीचा लेख लागतो. तो लेख कंपनीने तुमच्याकडून पहिल्याच दिवशी घेऊन ठेवला आहे.

‘त्या टप्प्याची पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हस्तांतरण’ असे शब्द असते, तर तुमची बाजू बरीच भक्कम असती, पण तुम्ही समजता तितकी नव्हे. चित्रपटाच्या दृश्यांसाठी विशेष चित्रण करून देणाऱ्या इफेक्ट्स असोसिएट्स या कंपनीला निर्माते कोहेन यांनी एका दृश्याचे निम्मेच पैसे दिले आणि चित्रण मात्र चित्रपटात वापरले. १९९० साली तेथील अपील न्यायालयाने सांगितले की लेख नसल्यामुळे मालकी इफेक्ट्स असोसिएट्सकडेच राहिली, तरी वापरण्यासाठीच काम करून हाती दिल्यामुळे कोहेन यांना वापराची गर्भित परवानगी मिळाली. उरलेली रक्कम कराराच्या दाव्यातून मागावी. म्हणून नुसती मालकी राखून भागत नाही. रक्कम येईपर्यंत परवानगी फक्त चाचणीपुरती आहे, हेही त्याच कलमात लिहावे लागते.

आता तुमच्या रकमेकडे येऊ. पाचव्या कलमानुसार पैसे कंपनीने काम ‘स्वीकारल्यावर’ देय होतात, आणि स्वीकारण्यास मुदतच नाही. चार महिन्यांची ‘तपासणी’ ह्याच फटीतून चालली आहे. ‘काम हाती पडल्यापासून दहा कामकाजी दिवसांत दोष लेखी कळवले नाहीत, किंवा काम प्रत्यक्ष वापरात आणले, तर ते स्वीकारले असे मानले जाईल’ हे एक वाक्य सहीपूर्वी मागितले असते, तर आज हा पत्रव्यवहार झालाच नसता. ते नाही; पण ॲप खऱ्या ग्राहकांसाठी चालू करणे हे वर्तनाने केलेल्या स्वीकृतीचा चांगला पुरावा आहे, आणि हाच तुमचा सर्वांत बळकट मुद्दा आहे. ॲप सुरू झाल्याची तारीख दिसणारी पाने, आवृत्तीची सार्वजनिक नोंद, आणि तिसऱ्या टप्प्यातील कोणता भाग त्यात दिसतो याचे चित्र आजच जपून ठेवा. सार्वजनिकरीत्या दिसते तेवढेच घ्या, सर्व्हरमध्ये शिरू नका. मग कराराने ठरवलेल्या पत्त्यावर लेखी नोटीस द्या : काम कधी दिले, वापर कधी सुरू झाला, लेखी दोष एकही आलेला नाही, म्हणून इतक्या दिवसांत ३,६०० डॉलर द्यावेत. कोडवर हक्क सांगणारे वाक्य त्यात घालू नका. ते चुकीचे आहे आणि समोरच्या वकिलाला तेवढेच पकडायला मिळेल.

दाव्याबद्दल मी हात राखून बोलतो. तुमच्या करारात कंपनीच्या राज्याचा कायदा आणि तिथलेच न्यायालय आहे. लहान दाव्यांची सोय, तिची रकमेची मर्यादा आणि परदेशातून हजर राहण्याची मुभा राज्यागणिक बदलते, म्हणून तिथल्या वकिलाला एकदा विचारावेच लागेल. त्याची फी ३,६०० डॉलरचा मोठा भाग खाऊ शकते. साध्या न्यायालयाची गतीही मला ठाऊक आहे. पुढच्या करारात लवादाचे कलम मागा, कारण १९५८ च्या न्यूयॉर्क आंतरराष्ट्रीय करारामुळे लवादाचा निवाडा परदेशात अमलात आणणे न्यायालयाच्या निकालापेक्षा सहसा सोपे जाते.

तुमच्या हातात खरे उरले आहे ते चौथ्या टप्प्याचे २,४०० डॉलरचे काम. ते करून लॅपटॉपवर अडवून ठेवू नका. सातव्या कलमाप्रमाणे तेही लिहिता लिहिता कंपनीचे होईल. सुरूच केले नसेल, तर थकबाकी असेपर्यंत सुरू करणार नाही असे नोटिशीत कळवा. मात्र काम थांबवण्याचा हक्क तुमच्या करारात स्पष्ट नसल्यामुळे हे वाक्य त्या राज्याच्या वकिलाकडून तपासून घ्या. कंपनीला उरलेले काम हवे असेल, तर दोन परिच्छेदांची लेखी दुरुस्ती मागा : तिसऱ्या टप्प्याची रक्कम आधी, चौथ्याची निम्मी आगाऊ, दहा दिवसांची स्वीकृती, आणि चौथ्या टप्प्याचे हस्तांतरण रक्कम मिळाल्यावर. त्याच दुरुस्तीत, या कामाआधी तुम्ही लिहिलेल्या आणि इतर ग्राहकांसाठीही वापरत असलेल्या फाइलींची यादी जोडून, त्यांची मालकी तुमची आणि कंपनीला फक्त वापराचा परवाना, असे लिहून घ्या. सातवे कलम ‘या कामात समाविष्ट सर्व काही’ असे म्हणते, आणि तुमच्या जुन्या लायब्ररीचे नाव त्यात वेगळे काढलेले मला कुठेही दिसले नाही.