सीझनल धंद्यात पैसे नेमके कधी कमी पडणार हे आधीच कसं ओळखायचं?

प्रश्न: "माझा धंदा सीझनल आहे. वर्षाअखेर नफा दिसतो पण सीझनच्या तोंडावर दरवेळी बँकेत पैसे नसतात. महिन्यावार कॅश बजेट कसं करायचं, आणि किती कमी पडेल हे आधी कसं कळेल?"

मी छोट्या धंद्यांचे हिशोब बघते आणि सीझनवाल्यांच्या बाबतीत हे फार वेळा दिसतं. पहिली गोष्ट, हा कागद करताना नफ्यातोट्याचा हिशोब बाजूला ठेवा. इथे फक्त एवढंच बघायचं की पैसा कोणत्या महिन्यात खरंच हातात येतो आणि कोणत्या महिन्यात खरंच जातो. त्यामुळे घसारा यात येत नाही कारण तो कुणाला द्यावा लागत नाही, पण कर्जाच्या हप्त्यातली मुद्दल येते, कराचा भरणा येतो, आणि तुम्ही घरखर्चाला उचलता ते पैसेही येतात (हे बरेच जण लिहीतच नाहीत आणि मग हिशोब का जुळत नाही म्हणून बघत बसतात).

सुरुवात विक्रीच्या अंदाजापासून करा पण विक्री म्हणजे जमा नाही. गेल्या सीझनची बिलं काढा, प्रत्येकाची बिलाची तारीख आणि पैसे बँकेत आले ती तारीख शेजारी शेजारी लिहा. बिलावर ३० दिवस लिहिलेलं असतं आणि पार्टी ५० दिवसांनी देते, बजेटमध्ये ५०च धरायचे. यातून तुमचं वसुलीचं प्रमाण निघतं. समजा असं निघालं की विक्रीतले २० टक्के त्याच महिन्यात येतात, ५० टक्के पुढच्या महिन्यात आणि ३० टक्के त्याच्याही पुढच्या. तुमची काही उधारी दरवर्षी बुडत असेल तर तेवढी त्या ३० मधून सरळ कमी करा.

आता एक उदाहरण पूर्ण करून दाखवते, आकडे हजारात समजा. एरवी विक्री महिन्याला १००, सीझनमध्ये तिसऱ्या महिन्यात ३००, चौथ्यात ६००, पाचव्यात ४००, मग परत १००. मालाची किंमत विक्रीच्या ६० टक्के. माल विक्रीच्या दोन महिने आधी घ्यावा लागतो आणि सप्लायर एका महिन्याची मुदत देतो, म्हणजे मालाचे पैसे विक्रीच्या एक महिना आधी जातात. भाडं पगार वगैरे महिन्याला ३०, तिसऱ्या आणि चौथ्या महिन्यात जादा माणसं लागतात म्हणून ५०. सुरुवातीला बँकेत १२०.

| महिना | विक्री | जमा | मालाचे पैसे | इतर खर्च | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| १ | १०० | १०० | ६० | ३० | १३० |
| २ | १०० | १०० | १८० | ३० | २० |
| ३ | ३०० | १४० | ३६० | ५० | −२५० |
| ४ | ६०० | ३०० | २४० | ५० | −२४० |
| ५ | ४०० | ४७० | ६० | ३० | १४० |
| ६ | १०० | ४०० | ६० | ३० | ४५० |
| ७ | १०० | १९० | ६० | ३० | ५५० |

तिसऱ्या महिन्याची जमा १४० कशी आली बघा: त्याच महिन्याच्या ३०० चे २० टक्के म्हणजे ६०, मागच्या महिन्याच्या १०० चे ५०, त्याच्या मागच्या १०० चे ३०. बाकीचे महिने असेच काढा, आणि या महिन्याची अखेरची शिल्लक ही पुढच्या महिन्याची सुरुवातीची.

आता चौथा महिना बघा. सगळ्यात जास्त विक्री, नफा काढला तर १९० येतो, आणि बँकेत मात्र वजा २४०. तुमच्या धंद्यात जे होतंय ते हेच आहे. विक्री कमी म्हणून पैसे नाहीत असं नसतं, उलट विक्री जेवढी वेगात वाढते तेवढा माल आधी भरावा लागतो आणि त्याची वसुली मागून येत राहते, म्हणून सीझन जितका जोरात तितका हा खड्डा खोल.

पण एवढ्यावर थांबून बँकेकडे २५० ची लिमिट मागायला जाऊ नका, कारण महिन्याअखेरचा आकडा महिन्यात मधे काय झालं ते लपवतो. समजा सप्लायरला ५ तारखेला पैसे द्यायचे आणि गिऱ्हाइकांचे पैसे २५ च्या आसपास येतात. मग चौथा महिना वजा २५० ने सुरू होतो, ५ तारखेला २४० गेले की वजा ४९०, आणि तिथे तुम्ही जवळजवळ तीन आठवडे अडकलेले असता. टेबलमध्ये हे कुठेच दिसत नाही. म्हणून पूर्ण वर्ष महिन्यावार करा पण ज्या दोनतीन महिन्यांत शिल्लक शून्याजवळ किंवा वजा येते तेवढेच आठवड्यावार मोडून परत लिहा, आणि लिमिट त्या आकड्यावर मागा, वर थोडी जागा ठेवून. आणि मागायची ती पहिल्या महिन्यात, हा कागद समोर ठेवून. तिसऱ्या महिन्यात खातं रिकामं झाल्यावर गेलात तर बँकेला तुम्ही अडचणीत आलेले दिसता. व्याज मी वर धरलेलं नाही, तुम्ही खर्चात धरा.

मग एक प्रश्न स्वतःला विचारा, वसुली लांबली तर? वरचंच उदाहरण, फक्त पुढच्या महिन्यात ५० ऐवजी ३० टक्के आले आणि त्याच्या पुढच्या महिन्यात ३० ऐवजी ५० टक्के. तर चौथ्या महिन्याची अखेर वजा २४० ऐवजी वजा २८० होते आणि पाचव्याची १४० ऐवजी जेमतेम ४० उरते. म्हणजे सगळ्यात वाईट महिनाच पुढे सरकला, कर्ज फेडायची तारीख तिसऱ्या महिन्याच्या हिशोबाने ठरवली असती तर चुकली असती.

खड्डा कमी करायचा तर सगळीकडे थोडीथोडी काटकसर करण्यापेक्षा एक मोठा आकडा सरकवा. इथे तो तिसऱ्या महिन्यातला ३६० आहे. सप्लायरशी सीझनच्या आधीच बोलून त्यातले अर्धे, म्हणजे १८०, पाचव्या महिन्यात द्यायचे ठरले तर तिसऱ्याची अखेर वजा ७० वर येते, चौथ्याची वजा ६०, आणि पाचव्याची तीच १४०. सप्लायर रोखीवर सूट देत असेल तर ती सूट जाईल, ती सूट आणि बँकेचं तेवढ्या दिवसांचं व्याज यात कमी नुकसान कशात ते बघा. मोठ्या ऑर्डरवर अॅडव्हान्स घेता येत असेल तर तोही इथेच कामाला येतो.

बजेट एकदा करून ठेवून देऊ नका, दर महिन्याला खरे आकडे शेजारच्या कॉलममध्ये भरा. दुसऱ्या महिन्यातच जमा १०० ऐवजी ८० आली तर तिसऱ्या महिन्यात द्यायची मालाची ऑर्डर कमी करायला किंवा वसुलीच्या मागे लागायला अजून वेळ असतो.

आणि सातव्या महिन्यातल्या ५५० बद्दल. पैसे कमी पडतात तसेच ते असे एकदम साचतातही, आणि मग मशीन घेतलं, गाडी घेतली असं होतं. पुढचा सीझन असाच गेला तर १२० पासून वजा ४९० पर्यंतचा उतार म्हणजे ६१० लागणार आहेत, तेवढे सुरुवातीला हातात असतील तरच बँकेशिवाय निभेल. म्हणून मोठी खरेदी करायच्या आधी ती रक्कम पुढच्या वर्षाच्या बजेटमध्ये टाकून बघा आणि चौथ्या महिन्याच्या ५ तारखेला काय उरतंय ते वाचा.