अस्पर्धात्मक निरोधन: एक शब्द, दोन आलेख

प्रश्न: बीएस्सीच्या वहीत आम्ही ‘स्पर्धात्मक’ आणि ‘अस्पर्धात्मक’ निरोधन असं लिहितो. पण नॉनकॉम्पिटिटिव्ह आणि अनकॉम्पिटिटिव्ह या दोन्हींना ‘अस्पर्धात्मक’च म्हणायचं का? आलेखावरून प्रकार ओळखायचा कसा? आणि IC50 ला ‘अर्ध-निरोधक संहती’ म्हटलं तर चालेल का?

दोन्हींना एकच शब्द वापरू नका. त्यांचे आलेख इतके वेगळे दिसतात की एका नावाखाली ते राहूच शकत नाहीत. आधी आलेख पाहू, मग शब्दांचं ठरवणं सोपं जाईल.

विकर घेऊ अल्कलाइन फॉस्फेटेज. बहुतेक प्रयोगशाळांत ते असतं आणि त्याचा वेग डोळ्यांनाही दिसतो. पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट, म्हणजे pNPP, हे बिनरंगी सबस्ट्रेट. विकराने त्यातला फॉस्फेट तोडला की आम्लारिधर्मी द्रावणात पिवळं पॅरा-नायट्रोफेनॉल उरतं. ४०५ नॅनोमीटरला हा पिवळेपणा किती झपाट्याने वाढतो ते मोजलं की अभिक्रियेचा वेग मिळतो. साधा असेंद्रिय फॉस्फेट या विकराचा स्पर्धात्मक निरोधक आहे. pNPP विकराच्या ज्या खोबणीत बसतं, तिथेच तोही बसतो. म्हणूनच ही चाचणी ट्रिस किंवा डायइथेनॉलअमाइनच्या बफरमध्ये करतात. फॉस्फेट बफर घेतला तर निरोधक आपणच नळीत ओतल्यासारखं होतं.

आता आकडे. हिशोब सोपा व्हावा म्हणून मी ते मानून घेतले आहेत, विकराचे मोजलेले नव्हेत. निरोधकाविना Vmax १०० एकक, Km २० मायक्रोमोलर. निरोधक १० मायक्रोमोलर टाकला आहे आणि त्याचं Ki सुद्धा १० आहे. या एकाच मात्रेने दोन तऱ्हेचे निरोधक काय करतात ते पाहू. स्पर्धात्मक निरोधक Vmax ला हात लावत नाही, पण Km दुप्पट, म्हणजे ४० करतो. शुद्ध नॉनकॉम्पिटिटिव्ह निरोधक Km २० च ठेवतो आणि Vmax निम्मं, म्हणजे ५० करतो.

सबस्ट्रेट १० मायक्रोमोलर असताना निरोधकाविना वेग ३३.३ येतो. स्पर्धात्मक निरोधकाने तो २० होतो, म्हणजे ४० टक्के घट. नॉनकॉम्पिटिटिव्हने तो १६.७ होतो, म्हणजे ५० टक्के. आता सबस्ट्रेट २०० करा. निरोधकाविना ९०.९, स्पर्धात्मकाने ८३.३, नॉनकॉम्पिटिटिव्हने ४५.५. स्पर्धात्मकाची घट ८ टक्क्यांवर आली, दुसऱ्याची मात्र ५० च राहिली. फरकाचा गाभा हाच. सबस्ट्रेट वाढवून निरोधन हटत असेल तर स्पर्धा आहे. कितीही वाढवलं तरी घटीची टक्केवारी तीच राहत असेल तर निरोधकाचं pNPP शी भांडण नाही.

हेच लाइनवीव्हर-बर्क आलेखावर पाहू. लाइनवीव्हर आणि बर्क यांनी १९३४ साली मांडलेल्या या पद्धतीत 1/[S] आडव्या अक्षावर आणि 1/v उभ्या अक्षावर घेतात, म्हणजे वक्राची सरळ रेषा होते. तिचा उतार Km/Vmax. आमच्या उदाहरणात निरोधकाविना तो ०.२ आहे. स्पर्धात्मक निरोधकाने ०.४ होतो. नॉनकॉम्पिटिटिव्हनेही ०.४ च होतो! एकाने वरचा आकडा दुप्पट केला, दुसऱ्याने खालचा निम्मा केला, भागाकार एकच. त्यामुळे ‘उतार वाढला’ एवढ्या निरीक्षणाला प्रकार ओळखण्यात काडीची किंमत नाही. बघायचं ते रेषा एकमेकींना कुठे छेदतात ते. स्पर्धात्मकात दोन्ही रेषा उभ्या अक्षावर ०.०१ ला भेटतात, कारण 1/Vmax बदललेलं नाही. नॉनकॉम्पिटिटिव्हमध्ये त्या आडव्या अक्षावर, शून्याच्या डावीकडे −०.०५ ला भेटतात, कारण −1/Km तेच आहे.

रेषा या दोन्ही ठिकाणी न भेटता उभ्या अक्षाच्या डावीकडे, आडव्या अक्षाच्या वर किंवा खाली भेटल्या, तर ते मिश्र निरोधन. प्रत्यक्ष प्रयोगात शुद्ध नॉनकॉम्पिटिटिव्हपेक्षा मिश्र निरोधनच जास्त भेटतं, त्यामुळे छेदबिंदू अक्षावर ओढून बसवण्याचा मोह टाळा. आणि रेषा भेटल्याच नाहीत, समांतर गेल्या, तर? तेच अनकॉम्पिटिटिव्ह. यात निरोधक मोकळ्या विकराला चिकटत नाही, सबस्ट्रेट बसलेल्या विकरालाच चिकटतो. त्यामुळे Vmax आणि Km दोन्ही सारख्या प्रमाणात घटतात आणि उतार होता तसाच राहतो. याचं उदाहरणही याच विकरात सापडतं: आतड्यातल्या आणि वारेतल्या अल्कलाइन फॉस्फेटेजला एल-फेनिलअलानीन असंच रोखतं. याची सबस्ट्रेटशी स्पर्धा तर नाहीच, उलट त्याला काम करायला सबस्ट्रेट लागतं. नॉनकॉम्पिटिटिव्हला सबस्ट्रेट असो वा नसो, फरक पडत नाही.

म्हणून माझं मत असं: ‘अस्पर्धात्मक’ हा शब्द नॉनकॉम्पिटिटिव्हसाठीच राखून ठेवावा आणि दुसऱ्याला सरळ देवनागरीत ‘अनकॉम्पिटिटिव्ह’ लिहावं. नवा शब्द घडवलाच तर तो ‘सबस्ट्रेट-सापेक्ष’ या अर्थाकडे झुकणारा असावा. दोन्हींना निव्वळ नकाराचा उपसर्ग लावला तर कुठला कुठला ते वाचणाऱ्याला कळायचं नाही.

आलेख काढताना दोन जागी घात होतो. पहिली जागा म्हणजे व्यस्त घेणं. सबस्ट्रेट अगदी कमी असताना वेगही छोटा असतो, आणि त्यातली लहानशी चूक 1/v मध्ये मोठी होते. वेग ९ च्या जागी ८ वाचला गेला तर 1/v ०.१११ वरून ०.१२५ होतं. तोच एका एककाचा फरक ९० वर पडला तर जाणवतही नाही. पण रेषेचं उजवं टोक याच डळमळीत बिंदूंवर टेकलेलं असतं आणि छेदबिंदू तेच हलवतात. म्हणून Km आणि Vmax चे आकडे मूळ वक्रावरच, संगणकाने मिशेलिस-मेंटेन समीकरण बसवून काढावेत, आणि लाइनवीव्हर-बर्क नुसता नजरेने प्रकार ओळखण्यासाठी ठेवावा.

दुसरी जागा या विकराची खास आहे. अभिक्रियेत फॉस्फेट बाहेर पडतो, आणि तोच निरोधक. ‘पहिलं १० टक्के सबस्ट्रेट संपेपर्यंतचा वेग घ्या’ हा नियम इथे पुरत नाही. सबस्ट्रेट २०० असताना १० टक्के संपलं म्हणजे २० मायक्रोमोलर फॉस्फेट तयार झाला. निरोधकाच्या नळीत आपण मुद्दाम टाकला त्याच्या दुप्पट, आणि तोही निरोधक नसलेल्या नळीत! मग स्पर्धात्मक निरोधक आहे त्याहून दुबळा वाटू लागतो. विकर पातळ करून अगदी सुरुवातीचा, सरळ वाढणारा तुकडाच मोजावा.

आता IC50. सबस्ट्रेट एका मात्रेवर स्थिर ठेवायचं, समजा २०, आणि निरोधक ०, १, ३, १०, ३०, १००, ३०० असा साधारण तिपटीने वाढवत न्यायचा. विकर न घातलेल्या नळीचं वाचन सगळ्यांतून वजा करायचं आणि निरोधकाविनाच्या वेगाला १०० टक्के धरायचं. आमच्या स्पर्धात्मक निरोधकाचे उरलेले वेग असे येतील: १ ला ९५ टक्के, ३ ला ८७, १० ला ६७, ३० ला ४०, १०० ला १७, ३०० ला ६. पन्नास टक्के १० आणि ३० च्या मध्ये कुठेतरी पडतं. साध्या पट्टीने रेषा ओढली तर २२.५ येतं. संहतीचा अक्ष लॉग घेऊन ओढली तर सुमारे २० येतं, आणि खरं उत्तर २० च आहे. हा वक्र लॉग अक्षावरच दोन्ही बाजूंनी सारखा वळतो, म्हणून तिथेच वाचायचा. ९० टक्के वेग उरण्यापासून १० टक्के उरण्यापर्यंत या साध्या वक्राला ८१ पट संहती लागते. तुमचा वक्र त्याहून फारच ताठ कोसळत असेल तर निरोधकाचे गठ्ठे होत आहेत का, विकर त्यात अडकून पडतं आहे का, हे थोडं डिटर्जंट घालून तपासावं. डिटर्जंटने निरोधन नाहीसं झालं तर संशय खरा.

‘अर्ध-निरोधक संहती’ चालेल, पण ‘अर्ध’ कशाचं ते सांगावं लागतं. काही निरोधक कितीही घातले तरी वेग २० टक्क्यांखाली नेत नाहीत. तिथे ‘निम्मा वेग उरवणारी संहती’ आणि ‘जास्तीत जास्त निरोधनाच्या निम्मं निरोधन करणारी संहती’ या वेगळ्या होतात. पहिलीत ५० टक्के वेग उरतो, दुसरीत ६०. वक्र शून्याला पोचत असेल तर हा प्रश्नच येत नाही. तरी मला ‘निम्मा वेग उरवणारी संहती’ हे लांबट रूप अधिक आवडतं, कारण ते वाचून नळीत काय मोजलं ते समजतं.

IC50 आणि Ki एकच समजू नका. चेंग आणि प्रुसॉफ यांनी १९७३ मध्ये दाखवलेलं नातं स्पर्धात्मक निरोधकासाठी असं आहे:

IC50 = Ki (1 + [S]/Km)

Ki १० असलेल्या आमच्या निरोधकाचं IC50 सबस्ट्रेट १० असताना १५, २० असताना २०, आणि २०० असताना ११० येतं. निरोधक तोच, विकर तेच. अस्पर्धात्मकात मात्र ते नेहमी Ki इतकंच, म्हणजे १०. अनकॉम्पिटिटिव्हमध्ये उलट, सबस्ट्रेट वाढेल तसं IC50 खाली येतं. म्हणजे दोन-तीन वेगवेगळ्या [S] वर IC50 काढलं तर प्रकार ओळखायची ती आणखी एक वाट होते, तीही व्यस्त न घेता.

Vmax घटलेलं दिसलं म्हणून लगेच ‘अस्पर्धात्मक’ लिहू नका, आधी एक चाचणी करा. विकराला कायमचं चिकटणारा निरोधकही काही विकर बाद करतो. उरलेल्याचं Km तेच राहतं, आणि आलेख हुबेहूब अस्पर्धात्मकाचा येतो. निरोधक आणि विकर आधी अर्धा तास एकत्र ठेवून मग सबस्ट्रेट घाला. वेळ वाढवल्यावर निरोधन वाढत असेल, आणि ते मिश्रण शंभर पट पातळ करूनही वेग परतत नसेल, तर तो उलटता न येणारा निरोधक आहे. त्याच्या IC50 ला किती मिनिटं एकत्र ठेवलं हे लिहिल्याशिवाय काही अर्थ नाही. परतणाऱ्या निरोधकासाठी वहीत असं लिहा: ‘pNPP २० मायक्रोमोलर, Km २० मायक्रोमोलर, IC50 २० मायक्रोमोलर, स्पर्धात्मक, म्हणून Ki १० मायक्रोमोलर.’