HIO4 च्या आकड्यांवरून ग्लुकोज की मॅनोज हे ठरवता येते का?

प्रश्न: एका डी-अल्डोपेंटोजचे नायट्रिक आम्लाने ऑक्सिडीकरण केल्यावर ध्रुवित प्रकाशाचे प्रतल फिरवणारे द्विआम्ल मिळते. किलियानी-फिशर पद्धतीने साखळी वाढवली की दोन हेक्सोज मिळतात आणि त्या दोघांची द्विआम्लेही प्रतल फिरवतात. त्यांपैकी एका हेक्सोजच्या मिथिल ग्लायकोसाइडला २ मोल HIO4 लागले, १ मोल HCOOH मिळाले, HCHO मिळाले नाही. या आकड्यांवरून तो हेक्सोज ग्लुकोज आहे की मॅनोज, हे कसे काढायचे?

उत्तर:

या आकड्यांवरून ते काढता येणार नाही. मिथिल ग्लुकोपायरॅनोसाइड आणि मिथिल मॅनोपायरॅनोसाइड दोन्ही अगदी हेच आकडे देतात. हे असे का होते, हे एकदा नीट पाहिले की अशा प्रश्नांतील बहुतेक गोंधळ आपोआप सुटतो.

परआयोडिक आम्ल शेजारशेजारच्या दोन कार्बनांवर हायड्रॉक्सिल गट असतील तर त्या दोन कार्बनांमधला बंध तोडते. ही अभिक्रिया मालाप्राद यांनी १९२८ मध्ये दाखवली. प्रत्येक बंध तोडायला एक मोल HIO4 खर्च होते. साखळीच्या टोकाचा CH2OH सुटला की तो HCHO म्हणून बाहेर पडतो, तर ज्या CHOH च्या दोन्ही बाजूंचे बंध तुटतात तो HCOOH होऊन बाहेर पडतो. हायड्रॉक्सिल उजवीकडे होता की डावीकडे, याची नोंद या हिशेबात कुठेच राहत नाही.

आता तुमच्या ग्लायकोसाइडकडे पाहू. पहिल्या कार्बनवर मिथॉक्सी गट आहे. वलय पाचव्या कार्बनच्या ऑक्सिजनमधून बंद झाले असेल, म्हणजे पायरॅनोज असेल, तर २, ३ आणि ४ या सलग कार्बनांवर मोकळे हायड्रॉक्सिल उरतात. दोन बंध तुटतात, मधला तिसरा कार्बन HCOOH होऊन जातो आणि सहावा कार्बन एकटा पडल्यामुळे HCHO मिळत नाही. वलय चौथ्या कार्बनमधून बंद झाले असते, म्हणजे फ्युरॅनोज असते, तर २-३ आणि ५-६ अशा दोन सुट्या जोड्या उरल्या असत्या. तेव्हाही खर्च २ मोलच झाला असता, पण HCOOH मुळीच मिळाले नसते आणि सहाव्या कार्बनपासून १ मोल HCHO मिळाले असते. म्हणून नुसता खर्चाचा आकडा वलयाचे माप सांगत नाही, ते काय बाहेर पडले यावरून कळते. तुमच्या आकड्यांनी वलय सहा अणूंचे आहे एवढे पक्के सिद्ध केले आहे.

जॅक्सन आणि हडसन यांनी १९३० च्या दशकात हाच मार्ग वापरला. तिसरा कार्बन निघून गेला आणि दुसरा व चौथा कार्बन अल्डिहाइड झाले की उरलेल्या द्विअल्डिहाइडमध्ये फक्त पहिल्या आणि पाचव्या कार्बनची मांडणी शिल्लक राहते. त्यामुळे डी-मालिकेतील सगळ्या अल्डोहेक्सोजांचे मिथिल अल्फा-पायरॅनोसाइड एकच द्विअल्डिहाइड देतात. त्यांच्या दृष्टीने ही मोठी सोय होती, कारण एका शर्करेत अल्फा-बीटा ठरले की इतरांतही ठरत होते. तुमच्या प्रश्नाला मात्र नेमकी हीच गोष्ट आडवी येते.

हे आकडे प्रयोगशाळेत मिळवताना होणारी एक चूकही सांगतो, कारण ती मी स्वतः केली आहे. १९४ मिलिग्रॅम मिथिल ग्लुकोसाइड म्हणजे १ मिलिमोल. त्यात ४-५ मिलिमोल सोडियम परआयोडेट घालून ठरावीक वेळाने थोडे थोडे द्रावण काढून अनुमापन केले, तर खर्च २ मिलिमोलपर्यंत चढून तिथे थांबायला हवा. माझा खर्च थांबेचना, तो २.३ च्या पुढे सावकाश सरकत राहिला. चंबू खिडकीत उन्हात ठेवला होता आणि प्रकाशामुळे जादा ऑक्सिडीकरण चालू होते. चंबू अंधारात, थंड जागी ठेवल्यावर आकडा जागेवर आला. आकडा सपाट होत नसेल तर त्यावरून रचना काढायला बसू नये. HCOOH मोजण्यापूर्वी उरलेले परआयोडेट एथिलीन ग्लायकॉल घालून संपवावे लागते. त्यानंतर वरच्या नमुन्याला ०.१ मोलर NaOH चे सुमारे १० मिलिलिटर लागतात.

आता साखळीकडे वळू. किलियानी-फिशर पद्धतीत HCN चा कार्बन अल्डिहाइडच्या टोकाला जोडला जातो. नव्या शर्करेचा पहिला कार्बन हा नवा असतो आणि जुना पहिला कार्बन दुसरा होतो. हायड्रॉक्सिलची उजवी-डावी निवड फक्त या दुसऱ्या कार्बनवर होते, म्हणून दोन हेक्सोज मिळतात आणि खालची सगळी मांडणी जशीच्या तशी राहते. नवा कार्बन खालच्या टोकाला जोडणारे विद्यार्थी मला दरवर्षी भेटतात. दोन्ही हेक्सोज सारख्या प्रमाणात मिळतील असेही समजू नये. किलियानींना अरॅबिनोजपासून मुख्यतः मॅनोनिक आम्लच हाती लागले होते, ग्लुकोनिक आम्ल फिशर यांनी नंतर उरलेल्या द्रावणातून वेगळे केले.

फिशर प्रक्षेपणात वरून खाली वाचले तर डी-पेंटोज असे आहेत: रायबोज उजवा-उजवा-उजवा, अरॅबिनोज डावा-उजवा-उजवा, झायलोज उजवा-डावा-उजवा, लिक्सोज डावा-डावा-उजवा. द्विआम्लाची दोन्ही टोके सारखी असतात, म्हणून ही ओळ उलटी वाचली तरी तीच राहत असेल तर ते द्विआम्ल मेसो असते आणि प्रतल फिरवत नाही. या कसोटीवर रायबोज आणि झायलोज बाद होतात. लिक्सोजची साखळी वाढवली तर गॅलॅक्टोज आणि टॅलोज मिळतात. गॅलॅक्टोज उजवा-डावा-डावा-उजवा असल्यामुळे त्याचे द्विआम्ल मेसो निघते, पण तुमच्या दोन्ही द्विआम्लांनी प्रतल फिरवले. म्हणून मूळ शर्करा अरॅबिनोजच आहे, आणि वाढीव जोडी ग्लुकोज (उजवा-डावा-उजवा-उजवा) व मॅनोज (डावा-डावा-उजवा-उजवा) यांची आहे.

या दोघांत फरक फक्त दुसऱ्या कार्बनवर आहे, म्हणून त्या कार्बनची मांडणी पुसणारे कोणतेही साधन येथे उपयोगी पडत नाही. परआयोडिक आम्ल ती पुसते. ऑसाझोन बनवतानाही ती पुसली जाते, आणि म्हणून दोघांचे ऑसाझोन एकच असते. रूफ पद्धतीने साखळी कमी केली, म्हणजे ब्रोमीन-पाण्याने अल्डोनिक आम्ल करून त्याच्या कॅल्शियम क्षारावर फेरिक क्षाराच्या उपस्थितीत H2O2 ची क्रिया केली, तर पहिला कार्बन CO2 होऊन जातो आणि दुसऱ्याचा अल्डिहाइड होतो, म्हणून दोघेही पुन्हा त्याच अरॅबिनोजवर येतात.

जी कसोटी चालते ती फिशर यांनीच वापरली: शर्करेचे वरचे आणि खालचे टोक आपापसांत बदलले तर काय होते? मॅनोजमध्ये टोके बदलून आकृती कागदावर अर्धा फेरा फिरवली की पुन्हा डावा-डावा-उजवा-उजवा, म्हणजे मॅनोजच मिळतो. ग्लुकोजमध्ये मात्र डावा-डावा-उजवा-डावा ही निराळी शर्करा, एल-गुलोज, मिळते. म्हणजे ग्लुकोजचे द्विआम्ल दोन वेगवेगळ्या अल्डोहेक्सोजांपासून मिळू शकते, मॅनोजचे फक्त एकापासून. तुमच्या प्रश्नात ‘हेच द्विआम्ल दुसऱ्या एका अल्डोहेक्सोजपासूनही मिळते’ अशी ओळ असेल तर उत्तर ग्लुकोज. ती ओळ खरोखरच दिलेली नसेल, तर ‘डी-ग्लुकोज किंवा डी-मॅनोज यांचा मिथिल पायरॅनोसाइड’ असेच लिहा.