मराठी सजेशन्सच्या ट्रायमध्ये नोडवर काय ठेवायचं?

प्रश्न: ५० हजार मराठी शब्दांची यादी आहे, ट्राय बांधून टाइप करतानाच सजेशन्स द्यायची आहेत. एका नोडमध्ये पूर्ण अक्षर ठेवू की युनिकोडचा एकेक कोडपॉइंट? आणि एकच अक्षर टाइप केलं की यादी फार हळू येते, काय करू?

कोडपॉइंटच ठेवा. अक्षर ठेवा म्हणणारे भेटतील, ते चूक सांगतात.

आम्ही किराणा मागवायच्या ॲपचा सर्च करत होतो. सीनियरनी ठरवलं, मराठी माणूस अक्षरांत विचार करतो, म्हणून 'पोहे' म्हणजे 'पो' आणि 'हे' असे दोनच नोड. जोडाक्षरही एकच नोड. झाड उथळ होतं, नोडही कमी लागतात, हे खरं. पण टाइप करणारा आधी 'प' दाबतो आणि मग मात्रा, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. 'प'च्या नोडखाली पोहे नसतातच, ते मुळापासूनच 'पो'च्या फांदीत असतात. झालंही तसंच. 'प' दाबला की पनीर आणि पडवळ यायचे. पोहे, पापड, पुदिना गायब. 'प्लेट' लिहिताना 'प्'पर्यंत आलं की यादी रिकामीच, कारण नुसत्या 'प्'चा नोड कुठेच नव्हता. यावर उत्तर मिळालं, "मात्रा टाइप केली की येतंय ना!" अहो, पुढचं टाइप करावं लागू नये म्हणूनच तर सजेशन्स असतात.

कोडपॉइंटने 'पोहे' प, ो, ह, े असं चार पायऱ्यांत जातं आणि पहिल्या पायरीपासूनच हाताशी राहतं. चार पायऱ्या उतरायला वेळ लागत नाही. वेळ खातो तो 'प'खालचा सगळा पसारा दर वेळी फिरून काढण्यात, तुमचंही तेच होत असणार. ट्राय बांधतानाच प्रत्येक नोडवर त्याखालचे सर्वाधिक वापराचे १० शब्द साठवा, म्हणजे प्रीफिक्सच्या नोडपर्यंत पोचलात की यादी तयार. नवा शब्द आला तर फक्त त्याच्या वाटेवरचे नोड बदलतात. शब्द काढायचा असेल तर मात्र त्या वाटेवरच्या याद्या पुन्हा काढाव्या लागतात.

यादीतला शब्द आणि टाइप केलेला मजकूर, दोन्ही आधी एकाच साच्यातून काढा:

```python
import unicodedata

def saf(s):
    s = s.replace("\u0905\u0945", "\u0972")
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    return unicodedata.normalize("NFC", s)
```

पहिली ओळ 'अ' आणि चंद्र मिळून केलेला 'ॲ' एकसंध करते. हे NFC करत नाही, त्यामुळे 'ॲप' दिसायला तंतोतंत सारखा असूनही सापडत नाही. दुसरी ओळ 'दऱ्या'मधल्या 'ऱ्य'साठी. तिथला अदृश्य जोडक नुसता पुसलात तर दऱ्याचा 'दर्या' होईल.

आणि हो, जुळलेला भाग ठळक दाखवणार असाल तर ती सीमा मात्र अक्षरावरच धरा, नाहीतर 'प्लेट'चं जोडाक्षर मधोमध तुटतं. आमच्या सीनियरांचा अक्षरांचा हिशेब तिथे लागू होता, ट्रायमध्ये नव्हे.