मुशरिक, जिवार आणि आपला मुजावर

प्रश्न: कुराणातल्या ‘तलवारीच्या आयती’त (९:५) ‘काफिर दिसेल तिथे मारा’ असं लिहिलंय म्हणतात. कुणी म्हणतं तिथे ‘मुशरिक’ हा शब्द आहे. दोन्ही एकच का? आणि मुशरिक म्हणजे नेमकं कोण?

त्या आयतीत ‘काफिर’ नाही, ‘मुशरिक’च आहे. अल्लाहच्या देवपणात दुसऱ्या कुणाला भागीदार, म्हणजे शरीक, करतो तो मुशरिक. हे कुठल्याही कोशात मिळेल. ‘तलवार’ हा शब्दही तिथे नाही. अरबीतला ‘सैफ’ अख्ख्या कुराणात एकदाही येत नाही. ‘तलवारीची आयत’ हे नाव भाष्यकारांनी मागाहून दिलेलं आहे.

मला राग येतो तो ही आयत ‘मारा’पासून वाचायला घेणाऱ्यांचा. ती सुरू होते ‘फ-इज़ा’ने, म्हणजे ‘मग जेव्हा’. ‘मग जेव्हा पवित्र महिने सरतील, तेव्हा मुशरिकांना सापडतील तिथे मारा, पकडा, वेढा, त्यांच्यासाठी दबा धरून बसा, पण ते पश्चात्ताप करून नमाज पढू लागले, जकात देऊ लागले तर त्यांची वाट मोकळी सोडा.’ ‘मग’ म्हटलं की आधी काहीतरी आलेलं असणारच. ते आधीच्या चार आयतींत आलेलं आहे.

या नवव्या सूऱ्याचा, म्हणजे अध्यायाचा, पहिलाच शब्द आहे ‘बराअत’, म्हणजे देण्याघेण्यातून, बांधिलकीतून मोकळं होणं. आपल्याकडे याला अगदी नेमका शब्द आहे: फारकत. तोही मुळात दस्तऐवजाचाच शब्द, ‘फारिग’ आणि ‘खत’, मोकळं झाल्याचं लेखी पत्र. सूऱ्याची सुरुवात मी फारकतीची नोटीस म्हणूनच वाचतो: ज्या मुशरिकांशी तुम्ही करार केलेत, त्यांना ही फारकत. दुसरी आयत मुदत देते, चार महिने देशात खुशाल फिरा. तिसरी म्हणते, हे हजच्या मोठ्या दिवशी जाहीर करा. चौथीत अपवाद आहे: ज्यांनी करारात काही कसूर केली नाही आणि तुमच्याविरुद्ध कुणाला मदत केली नाही, त्यांचा करार मुदत संपेपर्यंत पाळा.

प्रसंग आहे हिजरी ९ च्या हजचा, म्हणजे इ.स. ६३१ चा. मागे ६२८ साली मक्केजवळ हुदैबियाला मुहम्मदांचा कुरैशांशी, म्हणजे मक्केच्या सत्ताधारी टोळीशी, दहा वर्षांचा तह झाला होता. कुरैशांच्या बाजूच्या बनू बक्र टोळीने मुहम्मदांच्या बाजूच्या बनू खुजाआवर हल्ला केला, तह मोडला, आणि ६३० साली मक्का मुहम्मदांच्या हाती आली. तरी पुढच्या हजला मुशरिक येतच होते. त्या वर्षी यात्रेचं नेतृत्व मुहम्मदांचे सोबती अबू बक्र करत होते, पण हा मजकूर वाचायला मुहम्मदांचे चुलतभाऊ अली यांना मागाहून पाठवलं गेलं. कारण अरबांची रीतच तशी होती: करार मोडायचा तर ज्याने केला त्याने स्वतः किंवा त्याच्या घरच्याने जाहीर करायचा. मिनाच्या मैदानात घोषणा झाली की या वर्षानंतर मुशरिकांनी हजला यायचं नाही, काबाभोवती कुणी विवस्त्र फिरायचं नाही, आणि ज्याचा करार आहे त्याचा मुदतीपर्यंत चालेल.

मुदतीच्या हिशेबात भाष्यकारांची जुंपते. घोषणा झाली जिल्हेज महिन्याच्या १० तारखेला. ‘पवित्र महिने’ म्हणजे अरबांत लढाई मना असलेले नेहमीचे महिने धरले तर मोहरम संपला की मुदत संपली: जिल्हेजचे उरलेले २० आणि मोहरमचे ३० धरून जेमतेम ५० दिवस. दुसऱ्या आयतीतले चार महिने धरले तर मुदत जाते १० रबी-उल-आखिरपर्यंत. तबरीचा कल पहिल्याकडे आहे. करार नसलेल्यांना ५० दिवस, असं तो म्हणतो. इब्न कसीर दुसरा अर्थ घेतो आणि मला तोच पटतो. वर चार महिने देऊन खाली ते पन्नास दिवसांवर आणणारी नोटीस कोण काढेल?

आता सहावी आयत. मला हिच्यासाठीच लिहायचं होतं. ‘आणि मुशरिकांपैकी कुणी तुझ्याकडे आसरा मागितला तर त्याला आसरा दे, म्हणजे तो अल्लाहचं वचन ऐकेल, मग त्याला त्याच्या सुरक्षित जागी पोचव.’ ‘आसरा मागितला’ इथे अरबीत आहे ‘इस्तजारक’ आणि ‘आसरा दे’ इथे ‘अजिर्हु’. दोन्हींचा धातू ज-व-र. त्यातूनच ‘जार’ म्हणजे शेजारी, ‘जिवार’ म्हणजे शेजाऱ्याला दिलेलं अभय, आणि ‘मुजाविर’ म्हणजे पवित्र स्थळाच्या शेजारी राहणारा. कोल्हापूर-सांगलीकडे दर्ग्याची सेवा करणारा जो मुजावर, आणि ते आडनावही, इथूनच आलं.

जिवार ही इस्लामच्या आधीची अरबी रीत. एकट्या पडलेल्या माणसाला कुणी जिवार दिला की त्याला हात लावणं म्हणजे देणाऱ्याच्या अख्ख्या कुळाशी वैर. चुलते अबू तालिब वारल्यावर मुहम्मद ताइफ गावाहून हाकलले जाऊन परतले, तेव्हा मक्केत शिरायलाही त्यांना कुणाचा तरी जिवार हवा होता. तो दिला मक्केतल्या मुतइम इब्न अदी या सरदाराने. त्याची मुलं हत्यारं घेऊन काबापाशी उभी राहिली. हा मुतइम मुशरिक होता आणि मुशरिक म्हणूनच मेला. कुरैशांशी झालेल्या बद्रच्या लढाईत मक्केचे लोक कैद झाले, तेव्हा मुहम्मद म्हणाले, मुतइम जिवंत असता आणि या कैद्यांसाठी बोलला असता, तर मी त्यांना त्याच्यासाठी सोडून दिलं असतं. माझं स्वतःचं मत असं की सहाव्या आयतीतला हा शब्द ऐकणाऱ्या जुन्या मक्कावासीयांना मुतइम आठवल्यावाचून राहिला नसेल. जो जिवार कधी एका मुशरिकाने दिला, तोच आता मुशरिकाला द्यायचा आहे.

म्हणून सुद्दी आणि दह्हाक या जुन्या भाष्यकारांच्या नावावरचं मत मला मुळीच मान्य नाही. त्यांच्या मते पाचवी आयत सहावीला रद्द करते. एकाच घोषणेतलं, ‘आणि’ने जोडलेलं पुढचं वाक्य मागच्या वाक्याने रद्द कसं होईल? हसन बसरीने तर सहावी कयामतपर्यंत लागू आहे, असं सांगितलं. सईद इब्न जुबैरच्या नावाने एक हकीकत येते. एका मुशरिकाने अलींना विचारलं, मुदत संपल्यावर आमच्यातला कुणी काही कामाने मुहम्मदांकडे आला तर त्याला मारणार का? अली नाही म्हणाले, आणि हीच आयत म्हणून दाखवली. घोषणा वाचणारा माणूसच जर असा अर्थ लावतो, तर बाकीच्यांनी किती ताणावं?

पण ‘ही आयत फक्त स्वसंरक्षणाची’ म्हणणाऱ्यांनीही शब्द नीट वाचावेत. तेराव्या आयतीत ‘त्यांनीच आधी सुरुवात केली’ असं आहे, हे खरं. तरी पाचवीतली सुटका नुसत्या शांत बसण्यावर नाही, नमाज आणि जकातीवर आहे. आणि नंतरच्या अनेक फकीहांनी, म्हणजे इस्लामी कायद्याच्या पंडितांनी, ती त्या टोळ्यांपुरती ठेवली नाही. त्यांच्यातल्या हनफी पंथाने मात्र तिचा रोख अरब मुशरिकांवरच मानला. बाकीच्या मूर्तिपूजकांकडून जिझिया घेऊन त्यांना राहू द्यावं, असं ते म्हणतात. हिंदुस्थानात मुख्यतः हनफी मत चाललं, तेव्हा ‘मुशरिक म्हणजे कोण’ याचं उत्तर इथे प्रत्यक्षात असं बदललेलं होतं.

या एका आयतीने सबुरीच्या शंभराहून अधिक आयती रद्द केल्या, असं मानणारेही होऊन गेले. दिल्लीच्या शाह वलीउल्लाहांनी १८व्या शतकात रद्द आयतींची सगळी यादी तपासली आणि ती पाचावर आणली. त्या पाचांतली एकही या तलवारीच्या आयतीने रद्द झालेली नाही.